लावणीचा रुपया

लावणीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा शृंगार, तिची ठसकेबाज चाल, तिच्यातला नखरा यांची वर्णने वाचून वाचकांचे कान किटले असतील. तिच्या हिशेबाची वही मात्र सहसा कोणी उघडत नाही. नाचणारणीच्या हातात पडणारा रुपया कोठून येतो, तो किती हातांतून फिरतो आणि अखेरीस तिच्या पदरात त्यातले किती उरते, हे प्रश्न रसिकाला विचारावेसे वाटत नाहीत. त्यात त्याला रसभंग वाटत असावा. परंतु गेल्या दोनशे वर्षांत लावणीने जी जी रूपे पालटली, त्या प्रत्येक रूपामागे पैसे देणारा माणूस पालटलेला दिसतो. पैसे देणारा बदलला की गाण्याची लांबी बदलते, नाचणारीचे वय बदलते, तिच्या समोरचा चेहराही बदलतो. येथे तोच धागा धरून चालावयाचे आहे.

पेशवाईच्या उत्तरकाळात पैसे देणारा एकच होता आणि तो वर बसलेला होता. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम या शाहिरांची नावे आपण शाळेत घोकली. त्यांना मिळणारी बिदागी, शालजोडी, क्वचित इनाम हे सारे श्रीमंतांच्या किंवा सरदारांच्या मर्जीवर अवलंबून असे. कवनाला नाव होते आणि कवीलाही नाव होते. त्या कवनावर नाचणाऱ्याचे नाव मात्र बहुधा कोणी लिहून ठेवले नाही. फडात स्त्रीवेषातला नाच्या पोऱ्या असे. वाड्यातल्या नाटकशाळेत ज्या स्त्रिया नाचत, त्यांपैकी कित्येक बटकी व कुणबिणी होत्या, म्हणजे ज्यांच्या श्रमावर व देहावर दुसऱ्याची मालकी होती अशा. त्यांना मिळे तो शिधा आणि लुगडे. त्याला मजुरी म्हणणेही कठीण आहे. लावणीच्या सुवर्णकाळाची वही उघडली तर पहिल्या पानावर हे असे दोन रकाने दिसतात. शाहिराच्या नावापुढे बिदागी आहे आणि नाचणारीच्या नावाची जागा कोरी आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि वरचा दाता नाहीसा झाला. शाहिरांनी बडोद्यापासून कोल्हापुरापर्यंत संस्थानांची दारे ठोठावली, पण सगळ्यांना पोसेल असा दरबार कोठेच उरला नव्हता. फड गावोगाव फिरू लागले आणि जत्रेच्या पंचांकडून, पाटलाकडून, गर्दीतून जमेल ते घेऊ लागले. याच शतकात तमाशाला वगाची जोड मिळाली. उमा बाबू सावळजकरांच्या ‘मोहना बटाव’चे वर्ष १८६५ सांगतात. रात्रभर गर्दी खिळवून ठेवावयाची तर नुसत्या लावण्या पुरत नाहीत, गोष्ट लागते. ही गरज नव्या प्रेक्षकाची होती. दरबारी रसिक एका लावणीवर रात्र काढी. जत्रेतला शेतकरी दिवसभर चालून आलेला असे आणि त्याला ‘पुढे काय झाले’ हे हवे असे.

तिसरा दाता मुंबईत जन्माला आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाच्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि घाटावरचे व कोकणातले हजारो तरुण बायकामुले गावी ठेवून लालबाग-परळच्या खोल्यांत राहू लागले. त्यांच्या खिशात महिन्याच्या महिन्याला रोख पगार पडे. शेतकऱ्याच्या हातात असा नियमित पैसा कधीच नसतो. या पैशाने तमाशाला तिकीट लावले. रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्ण कुलकर्णी म्हणजेच पठ्ठे बापूराव याच काळातला. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या या कवीने जात सोडून फड धरला आणि महार समाजातल्या पवळाबाईसह मुंबई गाजविली. पवळा फडावर उभी राहिली तेव्हा लोक कवन ऐकावयास येत होते तितकेच तिला पाहावयास येत होते. तिकिटाच्या खिडकीने एक गोष्ट कायमची ठरवून टाकली. यापुढे नाच्या पोऱ्याला खिडकीवर किंमत नव्हती, बाईला होती. नाचणारीचे नाव आता जाहिरातीत आले. पैसे मात्र खिडकीच्या मागे बसलेल्याकडेच जात राहिले. पुढे पवळा आणि बापूराव वेगळी झाली. बापूराव १९४५ साली पुण्यात वारले. ज्याच्या कवनांवर कित्येक फड जगले त्या माणसाची अखेर हलाखीतच झाली. कवनाला एकदाचे मोल मिळे, त्यानंतर ज्याला येईल तो ते गाई आणि कवीला त्यातले काही मिळत नसे.

स्वातंत्र्य आले आणि त्याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांनी दाद मागितली, म. म. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली आणि अटी घालून परवानगी मिळाली. वगाच्या संहिता आधी तपासून घ्यावयाच्या, परवाना काढावयाचा, वेळेचे बंधन पाळावयाचे अशी व्यवस्था झाली. यातून तमाशा जगला हे खरे. पण परवान्याचे कागद, तपासणीच्या खेपा आणि थिएटरचे भाडे ज्याला परवडते तोच उभा राहू शकतो, हेही त्याबरोबर आले. नाचणाऱ्या बाईपेक्षा थिएटरच्या मालकाचे पारडे येथे आणखी जड झाले.

आता दोन वाटा स्पष्ट वेगळ्या दिसू लागतात. एक ढोलकीफडाचा तमाशा. त्यात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असतो, ट्रकभर सामान आणि पन्नास-शंभर माणसांचा ताफा असतो. दुसरी संगीतबारी. तिच्यात वग नाही. चारपाच नाचणाऱ्या बाया, एक-दोन गाणाऱ्या, पेटी, तबला, ढोलकी, एवढाच संसार. तिला पार्टी म्हणतात आणि ती बहुधा बाईच्या नावाने चालते. एका कलाकेंद्रात अशा बऱ्याच पार्ट्या राहतात आणि रंगमंचावर आपापल्या पाळीने येतात. बारी म्हणजे पाळी. पुण्याचे आर्यभूषण, मुंबईतले लालबागचे हनुमान थिएटर, पुणे-सोलापूर रस्त्यावरचे चौफुला व मोडनिंब, नगर जिल्ह्यातले जामखेड ही या व्यवसायाची प्रसिद्ध ठाणी. लावणीच्या अर्थकारणाची सर्वांत उघडी वही येथेच सापडते, म्हणून येथे जरा थांबू.

रात्री तिकीट काढून लोक आत बसतात. तिकिटाचे पैसे थिएटरचे. पार्टीची कमाई सुरू होते ती दौलतजादा झाल्यावर. प्रेक्षकांतला एकजण हातात नोट धरतो. नाचणारी रंगमंचावरून त्याच्याजवळ येते, नोट घेते, त्याची फर्माईश ऐकते, परत वर जाते आणि ते गाणे सुरू होते. तोच दुसरा कोणी मोठी नोट वर करतो. गाणे तेथेच थांबते आणि दुसरे उठते. थिएटरात पैसा वाहतो आहे की नाही हे ओळखावयाची सोपी खूण आहे. मुखडा उठतो पण अंतरा पुरा होत नाही, अशी रात्र पार्टीला भरपूर कमाईची असते. गाणे नीट शेवटास गेले तर समजावे, आज खिसे कोरडे आहेत. कलेची भरती आणि कमाईची ओहोटी एकाच रात्री यावी, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

हिशेब कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, एका रात्री एका पार्टीला ६,००० रुपये दौलतजादा झाला आणि थिएटरशी निम्म्याची बोली आहे. ३,००० तेथेच गेले. उरलेल्या ३,००० चे दहा वाटे केले. मालकिणीचे दोन, नाचणाऱ्या चौघींचे चार, वाजविणाऱ्या तिघांचे तीन आणि गाणारीचा एक. नाचणारीच्या वाट्याला ३०० रुपये आले. त्यातून नऊवारी लुगडे, घुंगरू, रंगभूषा आणि जेवण. तिने घरी आई-भावाकडे पैसे पाठवावयाचे आहेत आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचलही फेडावयाची आहे. ज्याने ६,००० उधळले त्याच्या नजरेत ती रात्रीत श्रीमंत झालेली असते. तिच्या हाताला लागले त्याच्या विसावा हिस्सा. आणि ज्या रात्री पाऊस आहे, अमावास्या आहे, कारखान्याचे उसाचे बिल अजून निघालेले नाही, त्या रात्री वाटणीला काहीच नसते. उचल मात्र तशीच उभी राहते.

ही उचल समजल्यावाचून लावणीवाल्यांचे जीवन समजत नाही. आजारपण, मुलाची शाळा, घर शाकारणे, भावाचे लग्न यासाठी बाई पार्टीच्या मालकिणीकडून वा थिएटरमालकाकडून आगाऊ रक्कम घेते. मोठ्या फडाचा मालकही हंगामाआधी सावकाराकडून कर्ज काढतो आणि कलावंतांना उचल वाटतो. पैसे फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. ते फिटत आले की नवी गरज उभी राहते आणि नवी उचल. पायात चाळ बांधलेले असतात ते दिसतात, उचलीची बेडी दिसत नाही.

संगीतबारीतल्या कित्येक बाया कोल्हाटी समाजातल्या. या समाजात नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नसे. चिरा उतरविण्याचा विधी होई, तो करणाऱ्याकडून घरच्यांना रक्कम मिळे आणि पुढे ती ज्याच्या आसऱ्याला राही त्याचे नाव तिच्या मुलांना मिळत नसे. तिच्या कमाईवर बाप, भाऊ, भावजय सारे जगत. भावजय मात्र घराच्या उंबऱ्याआड कुलीन सुनेप्रमाणे राही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या १९९४ सालच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनाने ही वस्तुस्थिती महाराष्ट्रापुढे ठेवली. लेखकाच्या नावात बापाऐवजी आईचे नाव आहे, त्यातच त्या घराचा सगळा इतिहास आला. अशा घरात मुलगी जन्मली की आनंद होई. तो आनंद कसला, हे सांगावयास नको.

कलाकेंद्रातच एक दुसरी जागा असते, ती बैठकीची. मूठभर ऐकणारे बसतात आणि गाणारी त्यांच्यासमोर बसूनच लावणी गाते. एकच ओळ ती दहा वेळा घेते आणि दर वेळी डोळा, भुवई, मान, पदराचे टोक यांनी तिचा वेगळा अर्थ काढून दाखविते. याला अदाकारी म्हणतात. एक लावणी अर्धा तास चालली तरी कोणी घड्याळ पाहत नाही. येथे वयाची अट नव्हती. किंबहुना चाळिशी उलटलेल्या, पुष्कळ पाहिलेल्या बाईच्या अदेला अधिक वजन असे. वाईच्या यमुनाबाई वाईकर १९१५ साली जन्मल्या आणि २०१८ साली वारल्या. त्यांची कीर्ती बैठकीच्या लावणीचीच. १९७७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०१२ साली पद्मश्री. असे गाणे टिकावयाचे तर त्याला जाणता श्रोता लागतो, जो ओळीतला श्लेष ओळखेल आणि दुसरी नोट वर करण्याआधी ती ओळ पुरी होऊ देईल. दौलतजादा नाचणारीच्या तारुण्याला भाव देतो, बैठक तिच्या अनुभवाला. बैठकीचा श्रोता जसजसा उतरत गेला, तसतसे बाईचे कमाईचे वय लहान होत गेले. पस्तिशीच्या पुढे काय, हा प्रश्न जो पूर्वी काही अंशी कलेनेच सोडविला होता, तो उघडा पडला.

हा श्रोता गेला कोठे? त्याला एकच कारण नाही. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. लावणी आता प्रत्येक गावात पोहोचली, पण ती तीन-चार मिनिटांची, ठरीव चालीची आणि पडद्यावर बंद झालेली. ज्याने ती पाहिली तो कलाकेंद्रात आला की तीच मागू लागला. पडद्यावरच्या गाण्याचे मोल निर्मात्याला, गायिकेला, संगीतकाराला मिळाले. ज्या चालींची आणि ज्या ठसक्याची ती उसनवारी होती त्या थिएटरातल्या बायांना त्यातून काही आले नाही. उलट त्यांच्यावर स्वतःचेच गाणे पडद्यावरून उसने घेऊन म्हणण्याची पाळी आली. १९७२ च्या ‘पिंजरा’नंतर ही मागणी आणखी वाढली.

दुसरा घाव मुंबईत बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही आणि गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. पगाराच्या रात्री थिएटर भरणारा माणूस गावी गेला, नाही तर हातगाडीवर गेला. लालबागचे हनुमान थिएटर, जेथे फडांचे आणि संगीतबाऱ्यांचे नित्य प्रयोग होत, तेही पुढे बंद पडले. नाटक पडले तर नवे नाटक लिहिता येते. येथे सगळा प्रेक्षकवर्गच पोटासाठी पांगला होता.

मग पैसा राहिला तो महामार्गावर. ऊस बागाईतदार, कंत्राटदार, आणि शहराजवळच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्यावर अचानक हातात रक्कम आलेले तरुण हे कलाकेंद्राचे नवे दाते झाले. यांचा पैसा मोठा होता आणि सबुरी कमी. याच काळात मुंबईच्या डान्सबारनी या घरांतल्या कित्येक मुलींना ओढून नेले, कारण तेथे वाद्यवाल्यांचे वाटे नव्हते आणि शिकण्यात वर्षे घालवावी लागत नव्हती. २००५ साली सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा त्यांतल्या काहीजणी पुन्हा कलाकेंद्रात आल्या. येताना त्यांनी बारमधली गाणी आणली आणि प्रेक्षकही त्यांच्या मागोमाग आला. पेटीमास्तरला आता जुन्या चालींपेक्षा नव्या चित्रपटांची गाणी बसविणे भाग पडले. बारबंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. पण ढोलकीवाल्याची गेलेली पाळी पुरी परत आली नाही.

याच्या अगदी उलट दिशेने एक चौथा प्रेक्षक आला, तो म्हणजे घरंदाज स्त्री. १९९३ पासून अकलूजला लावणी स्पर्धा होऊ लागल्या. दौलतजादा नाही, शिट्या नाहीत, परीक्षक समोर बसलेले, आणि प्रेक्षकांत बायका. पाठोपाठ नाट्यगृहांतून लावणीचे कार्यक्रम सुरू झाले. सुरेखा पुणेकरांच्या ‘नटरंगी नार’ला शहरांतील बायकांनी गर्दी केली. केवळ महिलांसाठी म्हणून खास खेळ लागले आणि त्यात सभागृहातल्या बायका खुर्चीवरून उठून नाचू लागल्या. ज्या लावणीचे नाव घराच्या ओसरीवर घेता येत नसे, ती आता सासूसुनांनी मिळून पाहिली. ही मोठी गोष्ट झाली, ती कमी लेखण्याचे कारण नाही. नाचणारीला ठरीव नाईट मिळू लागली. कोणाच्या हातातली नोट घ्यावयास तिला खाली उतरावे लागत नव्हते.

पण हाच हिशेब पुढे वाचला पाहिजे. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, ध्वनिव्यवस्था यांत पैसा घालणारा निर्माता आता थिएटरमालकाच्या जागी आला. लावणी प्रतिष्ठित झाली तेव्हा ती नाचावयास प्रतिष्ठित घरांतल्या, नृत्यवर्गात शिकलेल्या मुलीही पुढे आल्या. त्यात गैर काही नाही. मात्र चौफुल्याच्या किंवा मोडनिंबच्या मुलीला ओळख नव्हती, इंग्रजी शाळा नव्हती, स्पर्धेच्या प्रवासाला पैसे नव्हते. काहीजणींनी तरीही नाव काढले. पुष्कळजणी मागेच राहिल्या. कलेवरचा कलंक धुतला गेला, पण ज्या घरांनी तो दोन शतके सोसला त्यांच्या अंगावरून तो तितक्या सहज गेला नाही. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच होऊ लागल्यावर तर पेटी, तबला आणि ढोलकी हे तीन वाटे हिशेबातूनच गळाले.

ढोलकीफडाची वाट वेगळी असली तरी तिचा शेवट येथेच येतो. नारायणगावला दरवर्षी यात्रांच्या हंगामाआधी फडमालक राहुट्या उभारतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवितात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या गावचा हा बाजार. विठाबाईंना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्या आणि पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला. त्यांच्या अखेरच्या दिवसांतली ओढाताण त्या काळी वर्तमानपत्रांतूनही छापून आली होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे यात्रा बंद झाल्या, पुढचा हंगामही बुडाला, आणि ज्या मालकांनी उचल वाटून ठेवली होती त्यांच्या डोक्यावर सावकाराचे व्याज चढत राहिले. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत चालणाऱ्या धंद्यात एक चैत्र गेला म्हणजे वर्ष गेले.

वृद्ध कलावंतांना सरकार मानधन देते. त्यासाठी अर्जाबरोबर कलेची सेवा केल्याचे पुरावे जोडावे लागतात. येथे वही पुन्हा पहिल्या पानावर येते. जिने तीस वर्षे दौलतजाद्यावर काढली तिच्यापाशी कसली पावती असणार? नोटेच्या मागे कोणी सही करून देत नाही. जाहिरातीत पार्टीचे नाव असते, तिचे नसते. पेशव्यांच्या नाटकशाळेत तिच्या नावाची जागा कोरी होती आणि कचेरीच्या अर्जावर ती भरता येत नाही. लावणीसाठी काही करावयाचेच असेल तर एक साधे काम आहे. प्रत्येक कलाकेंद्राने आणि प्रत्येक निर्मात्याने नाचणारी, गाणारी आणि वाजविणारा यांच्या नावाने रात्रीच्या वाट्याची नोंद ठेवावी आणि तिची एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. गाणे सुधारावे की नाही यावर रसिक पुढेही वाद घालतील. त्या कागदाच्या तुकड्यावर मात्र एका बाईचे म्हातारपण अवलंबून आहे.